दिवाळीच्या भेटीचा एक नमुना बॉक्स आणि त्याची तपासणी : प्रकरण अभ्यास

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणारी एक मध्यम आकाराची कंपनी आहे. तिचे मूळ भांडवल पुण्याचे, तंत्रज्ञान जर्मन भागीदाराचे आणि नव्या जोडणी-रांगेची यंत्रसामग्री चीनमधील सुचौ येथून आलेली. त्यामुळे कार्यालयात एका वेळी अनेक ठिकाणची माणसे काम करत होती. सुचौहून आलेले दोन अभियंते यंत्रे बसवून देण्यासाठी वर्षभर राहणार होते, नागोयाचे एक ज्येष्ठ जपानी गृहस्थ गुणवत्ता सल्लागार होते आणि प्रकल्पप्रमुख जर्मन होते. उरलेले सहकारी आपल्याकडचेच, म्हणजे हिंदू, मुस्लिम, बौद्ध, जैन आणि ख्रिस्ती. कंपनी दरवर्षी दिवाळीला सर्वांना सारखाच भेटीचा बॉक्स देत असे. त्या वर्षी खरेदी विभागाने मागवलेला नमुना मनुष्यबळ विभागाने ऑर्डर देण्यापूर्वी तपासायला घेतला, आणि बाहेरचा सल्लागार म्हणून मला त्या बैठकीला बोलावण्यात आले. ऑर्डर जायला अजून अवकाश होता. दिवाळीला सहा आठवडे होते आणि छपाई सुरू व्हायची होती. दहा दिवसांनी हीच तपासणी झाली असती, तर तिचा उपयोग केवळ चर्चेपुरता उरला असता.

नमुन्यात खटकण्यासारखे वरवर काहीच नव्हते. पांढऱ्या जाड पुठ्ठ्याची पेटी, तिच्यावर रुपेरी फीत. आत लक्ष्मी-गणपतीची प्रतिमा असलेले दहा ग्रॅमचे चांदीचे नाणे, कंपनीच्या चिन्हाचे टेबलावरचे घड्याळ, चार कप्प्यांचा सुक्या मेव्याचा डबा, वर्ख लावलेली पाव किलो काजूकतली, लाल स्वस्तिक आणि ‘शुभ-लाभ’ छापलेले शुभेच्छापत्र आणि कंपनीचे नाव असलेल्या पांढऱ्या पाकिटात पाचशे एक रुपये. पुण्यातल्या कोणत्याही मराठी घरात ही पेटी आनंदाने उघडली गेली असती. परदेशी पाहुण्यांसाठी वेगळे काहीतरी घ्यावे एवढेच खरेदी विभागाच्या मनात होते. माझे मत वेगळे होते. वेगळी पेटी हा शेवटचा उपाय असतो. आधी हीच पेटी एकेक वस्तू बाहेर काढून, घेणाऱ्याच्या बाजूने पाहायला हवी, कारण अडचण बहुधा संपूर्ण भेटीत नसते, ती तिच्या एखाद्या थरात असते. वस्तू, संख्या, रंग, वेष्टण, मजकूर, रक्कम आणि देण्याची वेळ हे सगळे वेगवेगळे थर आहेत. घड्याळ काढून टाकले आणि पांढरी फीत तशीच ठेवली, तर काम अर्धेच झाले.

घड्याळ, आणि त्याच्या जागी सुचवलेल्या वस्तू

चिनी माणसाला टेबलावरचे किंवा भिंतीवरचे घड्याळ भेट देऊ नये, हे अनेकांनी ऐकलेले असते. कारण मात्र फारसे सांगितले जात नाही. मँडरिनमध्ये ‘घड्याळ भेट देणे’ आणि ‘मरणाऱ्याला अखेरचा निरोप देणे’ या दोन्हींचा उच्चार एकच होतो. म्हणजे आक्षेप वस्तूवर नाही, ती देण्याच्या कृतीवर आहे. स्वतः घेतलेले घड्याळ चिनी घरात भिंतीवर खुशाल असते. मनगटी घड्याळासाठी वेगळा शब्द असल्यामुळे काटेकोरपणे पाहता ते या निषेधात बसत नाही, पण अनेक जण दोन्हींत फरक करत नाहीत. जानेवारी 2015 मध्ये ब्रिटनच्या तत्कालीन परिवहन राज्यमंत्री सुझन क्रेमर यांनी तैपेईचे महापौर को वेन-जे यांना खिशातले घड्याळ भेट दिले, तेव्हा महापौरांनी ते आपण भंगारवाल्याला विकू शकू, असे पत्रकारांसमोर गमतीने म्हटले आणि बातमी जगभर गेली. क्रेमर यांनी दिलगिरी व्यक्त केली, मग फटकळ बोलण्याबद्दल महापौरांनीही केली. मंत्रिपातळीवरच्या भेटीतही हे निसटू शकते, तर आपल्या खरेदी विभागाला दोष देण्यात अर्थ नव्हता.

सुचौच्या दोन अभियंत्यांपैकी जो तरुण होता, त्याला दुभाषी सहकाऱ्यामार्फत एकट्याने भेटून नमुना दाखवला गेला. ‘मला स्वतःला काही वाटत नाही,’ तो हसत म्हणाला, ‘पण हे मी घरी नेऊ शकणार नाही. आई दारातूनच परत पाठवेल.’ अशा चौकशीत हेच उत्तर सर्वांत उपयोगी असते. समोरचा माणूस स्वतः मानतो की नाही, एवढ्यावर प्रश्न संपत नाही, कारण भेट त्याच्या घरी जाते आणि घरात वडीलधारी माणसे असतात. ‘आजकालची पिढी असले काही मानत नाही’ हे वाक्य बैठकीत दोनदा आले. ते खरे असले तरी पेटीच्या बाबतीत निरुपयोगी होते.

घड्याळाच्या जागी काय, यावर मात्र बराच वेळ गेला. पहिली सूचना छत्रीची होती. मँडरिनमध्ये छत्रीचा उच्चार ‘विखुरणे, ताटातूट होणे’ याच्या जवळ जातो, त्यामुळे तीही बाद झाली. दुसरी सूचना स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांच्या संचाची होती. धारदार वस्तू भेट दिल्याने नाते तुटते ही समजूत चीन आणि जपान दोन्हीकडे आहे आणि जर्मनीतही जुन्या पिढीला ती ठाऊक असते. तिथे सुरी मिळालेला माणूस देणाऱ्याला एखादे नाणे परत देतो, म्हणजे ती भेट न राहता खरेदी ठरते. तिसरी सूचना कंपनीचे चिन्ह असलेल्या टोपीची होती आणि कंपनीचे चिन्ह हिरवे आहे. चीनमध्ये पुरुषाने हिरवी टोपी घालणे म्हणजे त्याची बायको त्याला फसवते आहे असा अर्थ होतो. ही गोष्ट तिथे आजही जिवंत विनोदाचा विषय आहे. हे ऐकल्यावर बैठकीत इतका हशा पिकला की पुढची सूचना देणाऱ्याला धीर गोळा करावा लागला.

ती पुढची सूचना सोलापुरी टॉवेलची होती आणि ती सर्वांना पटली. स्थानिक, सुती, उपयोगी आणि धर्माशी संबंध नसलेली वस्तू. इथेच थांबावे लागले. जपानमध्ये टॉवेल ही नेहमीची, निरुपद्रवी भेट आहे. पण चीन आणि तैवानच्या अनेक भागांत अंत्यविधीला आलेल्यांना परतभेट म्हणून टॉवेल देण्याची रीत आहे. तोच विणकर आणि तीच वस्त्रपरंपरा कायम ठेवून टॉवेलऐवजी सोलापुरी चादर घेतली, तेव्हा हा प्रश्न मिटला. रेशमी काठाचे काही घ्यावे असेही कोणी सुचवले होते, परंतु रेशीम कोशातल्या किड्यांना मारून काढले जाते म्हणून ते न वापरणारे जैन सहकारी होते. शिवाय पुरुषांनी शुद्ध रेशीम अंगावर घालणे इस्लाममध्ये निषिद्ध मानले जाते. सुती चादरीला यांपैकी काहीच आडवे आले नाही.

चार कप्पे

सुक्या मेव्याचा डबा हा आपल्याकडचा इतका ठरावीक प्रकार आहे की त्याचे कप्पे कोणी मोजत नाही. काजू, बदाम, मनुका, पिस्ते, असे चार कप्पे. पण चीन आणि जपान या दोन्ही देशांत चार हा आकडा आणि मृत्यू हा शब्द यांचे उच्चार सारखे किंवा अगदी जवळचे आहेत. तिथल्या अनेक इमारतींत आणि रुग्णालयांत चौथा मजला किंवा चार क्रमांकाची खोली टाळतात. जपानमध्ये चहाच्या पेल्यांचा संच चारचा नसून पाचचा असतो, आणि नऊ हा आकडा ‘कष्ट, यातना’ या अर्थाच्या उच्चाराशी जुळतो म्हणून तोही टाळला जातो. आपल्याकडे तेराव्या दिवशीच्या विधीमुळे ‘तेरावा’ म्हटले की मन जसे क्षणभर बिचकते, तसाच हा प्रकार आहे. रोजच्या व्यवहारात तो आकडा सगळेच वापरतात, शुभप्रसंगी मात्र टाळतात.

मग किती कप्पे असावेत? जपानी सवयीप्रमाणे पाच चालले असते. पण चीनमध्ये आनंदाच्या भेटीत सम संख्या पसंत केली जाते आणि सहाचा संबंध सगळे सुरळीत पार पडण्याशी जोडला जातो. जपानमध्ये सहाला हरकत नाही आणि आपल्याकडे तर कोणी विचारणारही नव्हते. पुरवठादाराकडे सहा कप्प्यांचा डबा तयार होता, त्यामुळे खर्च फक्त दोन कप्पे भरण्याइतका वाढला. त्या दोन कप्प्यांत खजूर आणि अक्रोड घेतले. सगळ्या तपासणीत सर्वांत स्वस्त सुधारणा हीच ठरली.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. संख्यांचे नियम एका देशाकडून दुसऱ्या देशाकडे जसेच्या तसे नेता येत नाहीत. जपानमध्ये लग्नाच्या पाकिटातली रक्कम विषम असते, कारण सम रक्कम दोन भागांत विभागता येते आणि ते जोडप्याला अशुभ मानले जाते. चीनमध्ये नेमके उलट, आनंदाची रक्कम सम असते. रशिया आणि युक्रेनमध्ये जिवंत माणसाला फुले विषम संख्येने देतात, सम संख्येची फुले थडग्यावर वाहतात. ‘परदेशी लोकांना विषम चालते’ किंवा ‘सम चालते’ असे एक वाक्य करून ठेवणारी यादी म्हणूनच घातक असते.

पाचशे एक रुपयांचे पाकीट

या प्रकरणातली सर्वांत अनपेक्षित गोष्ट पाकिटात होती. आपल्याकडे आहेराची रक्कम शून्यावर संपवत नाहीत, वर एक रुपया ठेवतात. तो एक रुपया म्हणजे व्यवहार इथे संपत नाही, पुढे चालू राहतो, याची खूण. नेमकी हीच रचना, म्हणजे शंभराच्या पटीत एक अधिक, हाँगकाँगमध्ये अंत्यविधीच्या वेळी द्यायच्या रकमेची असते. तिथे मृताच्या घरी 101, 301, 501 असे डॉलर पाकिटात घालून देतात आणि ते पाकीट पांढरे असते. चीनच्या इतर अनेक भागांतही दुःखाच्या प्रसंगी विषम रक्कम देण्याची रीत आहे. आमच्या नमुन्यात पांढऱ्या पाकिटात पाचशे एक रुपये होते. रक्कम आणि रंग दोन्ही एकत्र आले होते, आणि पाकीट तयार करणाऱ्याच्या मनात केवळ शुभ चिंतण्याचा हेतू होता.

नियम इथेही सरधोपट नाही. चीनमध्येच मुलीला सोयरिकीच्या वेळी 10,001 युआन देणे चांगले समजतात, कारण त्यातून ‘दहा हजारांत एक’ अशी वधू निवडल्याचे सुचवले जाते. म्हणजे शेवटचा एक स्वतः अशुभ नाही. प्रसंग, रंग आणि रक्कम एकत्र वाचली जातात. लाल पाकिटात पाचशे एक रुपये दिले असते तर कदाचित तो भारतीय शिष्टाचार म्हणून समजून घेतला गेला असता. पण तरुण अभियंता घरच्यांना काय काय सांगत बसणार, हा प्रश्न राहिलाच असता. रक्कम निम्मी करून अडीचशे करावी असे लेखा विभागाने खर्च वाचवण्यासाठी सुचवले होते. चीनमध्ये ‘दोनशे पन्नास’ ही शिवी आहे, तिचा अर्थ मूर्ख. ते प्रकरण तिथेच थांबले.

पुढे दोन पर्याय होते. चिनी सहकाऱ्यांना सहाशे रुपये लाल पाकिटात द्यायचे आणि इतरांना पाचशे एक, हा एक. यात रकमेचा फरक पडतो आणि कार्यालयात कोणाच्या पाकिटात किती आहे हे दुपारच्या जेवणापर्यंत सर्वांना कळलेले असते. दुसरा पर्याय, पाकीट पूर्णपणे काढून टाकायचे आणि तेवढी रक्कम सणाच्या पगारात मिळवायची. कंपनीने दुसरा निवडला. माझ्या मते तो योग्य होता, आणि त्याचे कारण केवळ चिनी शिष्टाचार नव्हते. वरिष्ठाने दिलेले रोख पैसे ही जपानी सल्लागारांनाही अवघड वाटणारी गोष्ट होती. जपानमध्ये मिळालेल्या भेटीची परतफेड साधारण निम्म्या किमतीच्या वस्तूने करण्याची रीत अनेक प्रसंगी पाळली जाते, त्यामुळे रोख रक्कम हातात पडली की घेणाऱ्याच्या डोक्यात हिशेब सुरू होतो.

पांढरी पेटी, रुपेरी फीत

पांढरा रंग चीनमध्ये शोकाचा आहे हे बहुतेकांना माहीत असते. जपानी बाजू कमी लोकांना ठाऊक असते. जपानमध्ये भेटीला आणि पैशाच्या पाकिटाला बांधायच्या कागदी दोऱ्यांचे रंगच प्रसंग सांगतात. लाल-पांढरा दोरा आनंदाचा, काळा-पांढरा किंवा रुपेरी-पांढरा दोरा शोकाचा. पांढरी पेटी आणि रुपेरी फीत ही जोडी नागोयाच्या माणसाला काय सुचवणार होती, हे त्यावरून समजते. तशी पांढरी पेटी आपल्याकडेही दिवाळीला फारशी शोभणारी नाही. ती पुरवठादाराच्या आधीच्या ऑर्डरीतून उरलेली होती म्हणून नमुन्यात आली, असे पुढे कळले. पेटी गडद लाल आणि फीत सोनेरी, असा बदल ठरला. तो तिन्ही बाजूंना चालणारा आहे.

याच टप्प्यावर एका सहकाऱ्याने उत्साहाने सुचवले की फितीचा रंग माणसाप्रमाणे बदलावा. मुस्लिम सहकाऱ्यांना हिरवी, बौद्ध सहकाऱ्यांना निळी, हिंदूंना भगवी. हेतू चांगला होता, पण महाराष्ट्रात हे तीन रंग मोर्चांतल्या झेंड्यांचे रंग आहेत. टेबलांवर रांगेने ठेवलेल्या पेट्यांवरून कोण कोणत्या धर्माचा हे दुरूनच कळले असते. माणसाला त्याच्या धर्माच्या रंगाची फीत बांधून देणे यात आदर नाही, त्याच्यावर चिकटवलेली चिठ्ठी आहे. ही सूचना मी स्पष्टपणे नाकारली.

शुभेच्छापत्रावरचे स्वस्तिक हा प्रश्न फक्त एका माणसापुरता होता, पण तो खरा होता. आपल्या घरात ते मंगलचिन्ह आहे. जपानमध्ये त्याचेच एक रूप नकाशावर बौद्ध मंदिराची खूण म्हणून वापरले जाते. जर्मन दंडसंहितेच्या कलम 86 अ प्रमाणे मात्र नाझी चिन्हांचा सार्वजनिक वापर गुन्हा आहे. हिंदू किंवा बौद्ध मंगलचिन्ह हा त्या कलमाचा रोख नाही, तरीही नाताळच्या सुट्टीत घरी जाताना सामानात लाल स्वस्तिक छापलेले कार्ड असणे प्रकल्पप्रमुखांना अवघड करणारे होते, आणि ते घरच्यांना दाखवणे त्याहून अवघड. शुभेच्छापत्रावर स्वस्तिकाच्या जागी ठिपक्यांची रांगोळी छापली. मजकूर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत होता, त्यात ‘लक्ष्मीची कृपा असो’ याऐवजी ‘दिवाळीच्या शुभेच्छा’ एवढेच ठेवले.

लक्ष्मीचे नाणे आणि पूजेपुढची पेटी

परदेशी सहकाऱ्यांची चर्चा इथवर सोपी होती, कारण त्यांच्या बाबतीत सर्वांच्या मनात कुतूहल होते. वातावरण तापले ते नाण्यावरून, आणि तो प्रश्न पूर्णपणे देशी होता.

इस्लाममध्ये मूर्ती किंवा देवप्रतिमा जवळ बाळगणे निषिद्ध आहे, त्यामुळे मुस्लिम सहकाऱ्यांना नाण्याचे काय करावे हा पेच पडतो. ते घरात ठेवता येत नाही, आणि कोणाच्या तरी देवाची प्रतिमा आहे म्हणून टाकूनही देता येत नाही. बौद्ध सहकाऱ्यांचा मुद्दा मात्र बैठकीत कोणाच्याच लक्षात आला नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे धम्मदीक्षेच्या वेळी अनुयायांना ज्या 22 प्रतिज्ञा दिल्या, त्यांत गौरी-गणपती व इतर देवदेवतांना देव मानणार नाही आणि त्यांची उपासना करणार नाही, अशी प्रतिज्ञा आहे. ती मनापासून पाळणाऱ्या माणसाला दरवर्षी लक्ष्मी-गणपतीचे नाणे देणे म्हणजे त्याने घेतलेल्या शपथेची जाणीवच न ठेवणे होय. या सहकाऱ्यांनी आजवर तक्रार केली नव्हती. मात्र तक्रार नसणे म्हणजे संमती असे धरून चालता येत नाही. नाणे शांतपणे घेऊन सोनाराकडे वितळवायला देणारे लोक असतात आणि त्याची नोंद कोणत्याही विभागात होत नसते.

उलट बाजूही तितकीच खरी होती. ‘दिवाळीच्या भेटीतून लक्ष्मीच काढायची का?’ असा प्रश्न भांडार विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने विचारला, आणि तो चुकीचा नव्हता. अनेक घरांत दर दिवाळीला मिळालेली ही नाणी लक्ष्मीपूजनाच्या ताटात मांडली जातात. बहुसंख्यांच्या सणातले त्यांचे जिव्हाळ्याचे चिन्ह, इतरांची अडचण होते म्हणून गुपचूप काढून टाकले, तर त्याचा राग त्या इतरांवर निघतो. संवेदनशीलतेच्या नावाखाली झालेल्या बऱ्याच बदलांचे नंतर हेच होते.

तोडगा असा निघाला. एकाच वजनाची आणि एकाच शुद्धतेची दोन नाणी ठेवली, एक लक्ष्मीची प्रतिमा असलेले आणि एक साधे, मागेपुढे फक्त वजन व शुद्धतेचा ठसा असलेले. निवड प्रत्येकाने करायची, विभागाने त्याच्या नावावरून करायची नाही. यासाठी एक चिठ्ठी तयार केली. तिचा मजकूर इथे देतो, कारण अशा चौकशीत भाषा चुकली की सगळे बिघडते: ‘दिवाळीच्या भेटीत चांदीचे नाणे आणि खाद्यपदार्थ असतील. नाणे लक्ष्मीच्या प्रतिमेचे की साधे, ते कळवावे. आपण खात किंवा वापरत नसलेले काही असल्यास तेही लिहावे. कारण लिहिण्याची आवश्यकता नाही.’ धर्म, जात किंवा देश यांचा उल्लेख चिठ्ठीत कुठेही नव्हता. चिठ्ठी न आलेल्यांना साधे नाणे द्यायचे ठरले, कारण साधे नाणे मिळालेला लक्ष्मीभक्त ते बदलून मागू शकतो, उलट दिशेने मागणे माणसाला जड जाते. चिठ्ठ्या आल्या तेव्हा साधे नाणे मागणाऱ्यांत काही हिंदूही होते. नाणे मोडून मुलीसाठी पैंजण करायचे असेल तर प्रतिमा वितळवायला मन धजत नाही, असे एका बाईंनी कारण नसतानाही लिहून पाठवले.

दुसरा मुद्दा वस्तूचा नव्हता, प्रथेचा होता. दरवर्षी सर्व पेट्या लक्ष्मीपूजेच्या चौरंगापुढे रचून ठेवत आणि पूजा झाल्यावर वाटत. आपल्या दृष्टीने त्यात पेट्यांना आशीर्वाद मिळतो. पण देवापुढे ठेवलेला खाद्यपदार्थ हा प्रसाद झाला, आणि अन्य देवतेला अर्पण केलेले अन्न अनेक मुस्लिम आणि काही ख्रिस्ती लोक खात नाहीत. म्हणजे आतला प्रत्येक पदार्थ तपासून, शाकाहाराची हिरवी खूण पाहून, जिलेटिन नाही याची खात्री करून भरलेली पेटीही केवळ तासभर चुकीच्या ठिकाणी ठेवल्यामुळे त्यांच्यासाठी अखाद्य ठरत होती. यावर खर्च काहीच नव्हता. पूजा नेहमीसारखी झाली, प्रसादाचे पेढे बाजूच्या टेबलावर ठेवले, ज्याला हवे त्याने घेतले. पेट्या भांडार विभागातून थेट वाटल्या गेल्या.

खाद्यपदार्थांत आणखी थोडेच बदलायचे होते. काजूकतलीवरचा वर्ख जैन सहकाऱ्यांसाठी काढला, कारण चांदीचा वर्ख परंपरेने जनावरांच्या कातड्याच्या थरांमध्ये कुटून बनवला जाई आणि आजही खरेदीदाराला त्याचा मूळ कारखाना दिसत नाही. वर्ख नसलेली काजूकतली सर्वांसाठीच घेतली, चवीत फरक पडत नाही. जर्मन भागीदाराकडून आलेली मद्ययुक्त चॉकलेटे पेटीत घालायची सूचना होती, ती चॉकलेटे वेगळ्या टेबलावर नाव लिहून ठेवण्यात आली. डब्यावर सर्व घटकांची छापील चिठ्ठी लावली. सुक्या मेव्याची ॲलर्जी असलेल्यालाही तिचा उपयोग होतो, आणि ज्याला प्रश्न विचारायचा संकोच वाटतो त्याला तो विचारावाच लागत नाही.

देताना

वाटपाच्या दिवशी काही गोष्टी देणाऱ्यांना आधी सांगून ठेवल्या होत्या. पेटी दोन्ही हातांनी द्यावी. चिनी आणि जपानी शिष्टाचारात ते अपेक्षितच आहे, आणि डाव्या हाताने दिलेली वस्तू आपल्याला व मुस्लिम सहकाऱ्यांना जशी खटकते, तो प्रश्नही त्यातून सुटतो. सुचौचे ज्येष्ठ अभियंते एक-दोनदा ‘नको, नको’ म्हणाले तर ते शिष्टाचार म्हणून, खरा नकार म्हणून नव्हे. पुन्हा आग्रह करावा. ते किंवा जपानी सल्लागार पेटी समोर उघडणार नाहीत, त्यांना ‘उघडून बघा ना’ म्हणू नये. प्रकल्पप्रमुख बहुधा तिथेच उघडतील, त्याचेही काही वाटून घेऊ नये. प्रत्यक्षात ज्येष्ठ अभियंत्यांनी दोनदा नाकारले, तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी घेतले आणि दुसऱ्या दिवशी चहाचा डबा घेऊन मनुष्यबळ विभागात आले. तो डबा विभागाने दोन्ही हातांनी घेतला आणि त्यांच्यासमोर उघडला नाही. हे कोणी शिकवले नव्हते.

खर्चाचा हिशेब पाहता जुन्या आणि नव्या पेटीच्या किमतीत फारसा फरक नव्हता, कारण घड्याळ आणि चादर साधारण एकाच किमतीची होती आणि वर्ख व पाकिटे वगळल्याने थोडी बचतही झाली. वाढले ते काम: चिठ्ठ्या वाटणे, गोळा करणे, दोन प्रकारची नाणी वेगळी ठेवणे आणि नावावर ती बरोबर जाणे. एका ठिकाणी अदलाबदल झालीच. साधे नाणे मागितलेल्या एका बौद्ध सहकाऱ्याच्या पेटीत प्रतिमेचे नाणे गेले, आणि त्यांनी ते त्याच दिवशी येऊन बदलून घेतले. चिठ्ठी नसती तर ते आले नसते, असे त्यांनीच सांगितले.

जानेवारीत कंपनी भिंतीवरची दिनदर्शिका वाटते आणि तिच्या पहिल्या पानावर गणपतीचे चित्र असते. मनुष्यबळ विभागाने नोव्हेंबरातच खरेदी विभागाला कळवले आहे की छपाईला देण्याआधी तिचाही नमुना याच बैठकीत आणावा.